आयुर्मान आणि निरोगी आयुर्मान: मधली दहा वर्षे कुठे जातात?

आजचे मृत्युदर कायम राहिले तर आज जन्मलेले बाळ सरासरी किती वर्षे जगेल, तो आकडा म्हणजे आयुर्मान. त्यातली आजारपणामुळे गमावलेली वर्षे वजा केली की निरोगी आयुर्मान मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार भारताचे आयुर्मान सुमारे 71 वर्षे, तर निरोगी आयुर्मान सुमारे 60 वर्षे होते.

साठीनंतर सगळेच आजारी पडतात का?

नाही. ही दहा वर्षे आयुष्याच्या शेवटी सलग येत नाहीत. तरुणपणीचे नैराश्य, चाळिशीतली कंबरदुखी, म्हातारपणीचा बहिरेपणा हे सगळे त्यात थोडे थोडे जमा होते.

समजा, मोतीबिंदूमुळे एका आजींना पाच वर्षे नीट दिसत नाही. त्या दृष्टिदोषाचा भार 0.2 धरला, तर 5 गुणिले 0.2, म्हणजे एक निरोगी वर्ष गेले. तीच शस्त्रक्रिया दुसऱ्या वर्षअखेरीस झाली असती, तर 0.4 वर्षच गेले असते. आजी किती जगतील यात कदाचित काहीच फरक पडणार नाही, पण स्वतःचा स्वयंपाक करण्यात आणि देवळात एकटीने जाण्यात नक्की पडेल.

बायका जास्त जगतात, पण...

याच अंदाजात भारतीय स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अडीच वर्षांहून जास्त आहे. निरोगी आयुर्मान मात्र दोघांचे जवळपास सारखेच. म्हणजे स्त्रियांना मिळालेली जादा वर्षे बहुतांशी दुखण्यातच जातात. गुडघेदुखीसारखी दुखणी जीव घेत नाहीत, म्हणून घरात ती मागे पडतात.

कुटुंबाने कोणता आकडा धरावा?

71 हा जन्माच्या वेळचा आकडा आहे, त्यात बालमृत्यूही येतात. साठी गाठलेला भारतीय सरासरी आणखी सुमारे 18 वर्षे जगतो. त्यामुळे निवृत्तीनंतरच्या खर्चाचा आणि देखभालीचा हिशोब किमान तेवढ्या वर्षांचा हवा.

वर्षातून एकदा आई-वडिलांची नजर, ऐकू येणे आणि रक्तदाब तपासून घ्या. हाताचा आधार न घेता त्यांना खुर्चीतून उठता येते का, तेही पाहा. येत नसेल तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा.

सरकारी योजना कुठे कमी पडते?

2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजना खुली झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. पक्षाघातानंतर महिनोन्महिने लागणारी फिजिओथेरपी, श्रवणयंत्र किंवा घरी ठेवलेली मदतनीस यांचा खर्च प्रामुख्याने घरावरच पडतो. निरोगी वर्षे मात्र बऱ्याचदा याच गोष्टींवर अवलंबून असतात.