हैदराबाद : राज्य की संस्थान?

हैदराबादचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू मांडल्या जातात. एका बाजूला रझाकारांचे अत्याचार, दुसऱ्या बाजूला पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर ओढवलेला कहर. मराठवाड्यातून नवी मुंबईत, आमच्या कोपरखैरण्यात येऊन राहिलेल्या कुटुंबांतही हा विषय याच दोन तुकड्यांत विभागलेला असतो. पण या दोन्ही बाजूंच्या मुळाशी एक तिसरा, कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याकडे सहसा कोणी जात नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र राज्य होते की नव्हते?

प्रथम राज्य कशाला म्हणायचे ते पाहू. १९३३ साली उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे अमेरिका खंडातील देशांनी एक करार केला. त्यात चार कसोट्या दिल्या आहेत : कायम वस्ती असलेली प्रजा, निश्चित मुलूख, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. त्याच करारात पुढे असेही म्हटले आहे की, राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसते.

हे शेवटचे वाक्य सर्वांना पटलेले नाही. येथेच कायदेपंडितांचे दोन पंथ पडतात. एका पंथाला घोषणात्मक म्हणतात, दुसऱ्याला निर्माणात्मक. आपल्या घरातील दोन कागद समोर ठेवले तर फरक लगेच कळतो. मूल आधी जन्मते, मग नगरपालिका जन्माचा दाखला देते. दाखला मिळाला नाही म्हणून मूल जन्मलेच नाही असे होत नाही. घोषणात्मक पंथाच्या मते इतर देशांची मान्यता म्हणजे असा दाखला आहे. निकाहचे तसे नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, मांडव आहे, बिर्याणी शिजली आहे. पण दोन साक्षीदारांसमोर ‘कबूल’ म्हटले गेले नाही तर निकाह झालाच नाही. तो शब्दच नाते निर्माण करतो. निर्माणात्मक पंथाच्या मते मान्यता ही ‘कबूल’सारखी आहे.

आता हैदराबादला कसोट्या लावून पाहू. प्रजा? १९४१ च्या शिरगणतीनुसार एक कोटी त्रेसष्ट लाख. मुलूख? सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैल. त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे. शासन? स्वतःचे हाली नाणे, टपाल, रेल्वे, फौज, न्यायालये आणि उर्दू माध्यमाचे विद्यापीठ. उर्दू सरकारी कागदांत या मुलखाला ‘ममालिके महरूसा सरकारे आली’ म्हणत. महरूसा म्हणजे पहाऱ्यात राखलेला. पहारा कोणाचा, हे मात्र त्या शब्दात येत नाही.

पहारा इंग्रजांचा होता, आणि चौथी कसोटी येथेच अडते. यासाठी वऱ्हाडचे उदाहरण पाहावे. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला गेला. सार्वभौमत्व निजामाचे, सत्ता इंग्रजांची. पुढे मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. सप्टेंबर १९२५ च्या पत्रात त्यांनी दावा केला की, परराष्ट्रांचा विषय सोडला तर आपण अंतर्गत कारभारात ब्रिटिश सरकारइतकेच स्वतंत्र आहोत. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ ला उत्तर दिले, ते कठोर होते. हिंदुस्थानात ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वोच्च आहे, आणि म्हणून कोणत्याही संस्थानिकाला सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटीचा दावा करता येणार नाही. इतिहासाच्या पुस्तकांत या उत्तराची फार चर्चा आहे. आम्हाला निजामाचे पत्रच अधिक बोलके वाटते. परराष्ट्रांचा विषय सोडला तर, असे म्हणताना चौथी कसोटी त्यांनी स्वतःच सोडून दिली होती.

१९४७ च्या स्वातंत्र्य कायद्याने हे सारे पालटले. त्या कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता आणि तिच्यावर आधारलेले करार १५ ऑगस्टला संपुष्टात आले. पहारेकरी निघून गेला. हैदराबादचे म्हणणे सरळ होते : आमच्यावरचा दाब उठला, आता चौथी कसोटीही पूर्ण झाली, आम्ही स्वतंत्र राज्य आहोत. हा युक्तिवाद पूर्णपणे घोषणात्मक पंथाचा आहे. मूल जन्मले, दाखला कोणी देवो न देवो.

लंडनचे उत्तर दुसऱ्या पंथाचे होते. जुलै १९४७ मध्ये लॉर्ड लिस्टोवेल यांनी उमरावांच्या सभागृहात सांगून टाकले की, कोणत्याही संस्थानाला स्वतंत्र आंतरराष्ट्रीय अस्तित्व म्हणून मान्यता देण्याचा सरकारचा विचार नाही. म्हणजे कायद्याने हात सोडला आणि त्याच तोंडाने ‘कबूल’ म्हणायचे नाकारले.

भारताने मात्र मान्यतेचा मुद्दा फार ताणला नाही. त्याने वस्तुस्थितीच नाकारली. हैदराबाद कधीही स्वतंत्र नव्हते, ते चहूबाजूंनी भारताने वेढलेले आहे आणि परराष्ट्र व्यवहार त्याच्या हाती नाहीत. शेवटच्या मुद्द्यासाठी २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराचा आधार होता. पूर्वी ब्रिटिश सरकारशी परराष्ट्र, संरक्षण व दळणवळण याबाबत ज्या व्यवस्था होत्या त्या वर्षभर भारताशी चालू राहतील, असे त्यात ठरले होते. गंमत अशी की हैदराबादही हाच कागद पुढे करी. दोन बरोबरीचे पक्षच असा करार करतात, भारताने सही केली म्हणजे आम्हाला मान्य केले, असे त्याचे म्हणणे. एकाच कागदात एक पक्ष परावलंबन वाचत होता, दुसरा मान्यता. मधल्या काळात हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले. भारताच्या लेखी तो करारभंग होता. हैदराबादच्या लेखी स्वतंत्र राज्याचा साधा व्यवहार.

अखेर २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. सनदेच्या पस्तिसाव्या कलमानुसार सदस्य नसलेल्या राज्यालाही तक्रार करता येते. पण कलमात शब्द आहे ‘राज्य’. तक्रार ऐकायची तर हैदराबाद राज्य आहे का, हे आधी ठरवायला हवे. आणि ते ठरवायचे तर तक्रार ऐकायला हवी. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद भरली, अध्यक्षस्थानी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. नवाब मोईन नवाज जंग हैदराबादतर्फे आणि रामस्वामी मुदलियार भारतातर्फे बोलले. आठ मतांनी विषय पत्रिकेवर घेण्यात आला, तिघे तटस्थ राहिले. मात्र अधिकारक्षेत्राचा प्रश्न यामुळे ठरला असे समजू नये, हेही स्पष्ट करण्यात आले. दाखलाही दिला नाही आणि नकारही दिला नाही. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ तारखेला तक्रार मागे घेतल्याची तार पाठवली. ती तार मोकळ्या मनाने पाठवली होती की दबावाखाली, यावर पुढे वाद झाला. परिषदेने मूळ प्रश्नाचा निकाल कधीच दिला नाही.

हे दोन पंथ इतके का भांडतात, ते या प्रसंगात उघडे पडते. घोषणात्मक पंथाला भीती वाटते ती अशी की, मान्यतेशिवाय अस्तित्व नाही असे मानले तर अमान्य मुलखावर चालून जाण्यात गुन्हाच उरत नाही. शिवाय एकच देश एकासाठी आहे आणि दुसऱ्यासाठी नाही, असा विचित्र प्रकार होतो. बांगलादेशला भारताने ६ डिसेंबर १९७१ ला मान्यता दिली, पाकिस्तानने २२ फेब्रुवारी १९७४ ला. मधली दोन वर्षे बांगलादेश पाकिस्तानपुरता नव्हताच असे म्हणायचे का? निर्माणात्मक पंथाची अडचण वेगळी आहे. कसोट्या पूर्ण झाल्या हे सांगणार कोण? राज्यांच्या वर काझी नाही. प्रत्येक राज्य आपल्यापुरते पाहते आणि ठरवते. त्यातून चौथी कसोटी अशी आहे की ती एकट्याला पूर्ण करताच येत नाही. बोलायला कोणी तयार नसेल तर बोलण्याची क्षमता कशी सिद्ध करणार? लाउटरपाख्ट या विद्वानाने नेमक्या १९४७ सालीच प्रकाशित झालेल्या ग्रंथात मधली वाट सुचवली होती : मान्यतेनेच राज्य बनते, पण कसोट्या पूर्ण असतील तर मान्यता देणे हे इतरांचे कर्तव्य आहे. विचार चांगला, पण ते कर्तव्य न पाळणाऱ्याला विचारणारा काझी येथेही नाहीच.

आज पॅलेस्टाइनकडे पाहिले तरी हाच पेच दिसतो. भारताने १९८८ मध्येच मान्यता दिली. २०२५ च्या सप्टेंबरात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियानेही दिली. ‘कबूल’ म्हणणारे दीडशेच्या वर झाले, पण स्वतःच्या मुलखावर ताबा नाही. तैवानचे नेमके उलट : ताबा आहे, शासन आहे, ‘कबूल’ म्हणणारे मोजकेच.

हैदराबादविषयी आमचे मत विचाराल तर, घोषणात्मक कसोटीवरही त्याचा दावा लंगडा होता, आणि केवळ चौथ्या कसोटीमुळे नव्हे. १९४८ च्या उन्हाळ्यात तेलंगणात कम्युनिस्टांची सत्ता चाललेली गावे होती, मराठवाड्याच्या सीमेवर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या आणि लातूरचे वकील कासिम रझवी यांचे रझाकार सरकारला जुमानत नव्हते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले, म्हणून त्याच ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. जे शासन आपल्या राजधानीत एका संपादकाला वाचवू शकत नाही, त्याने तिसरी कसोटी पूर्ण केली असे कसे म्हणावे? शिवाय बहुसंख्य प्रजेला काय हवे होते, हे माँटेव्हिडिओच्या कसोट्या विचारतच नाहीत. प्रजा असावी, एवढेच त्या म्हणतात.

या साऱ्या चर्चेचा जमिनीवर काय परिणाम झाला? हैदराबाद राज्य असते तर जे घडले ते युद्ध ठरले असते, आणि युद्धाचा हिशेब दोन देशांत, बाहेरच्यांच्या देखत होतो. राज्य नव्हते, म्हणून ती ‘पोलीस कारवाई’ झाली. त्या नावातच मान्यतेचा निकाल दडलेला आहे. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, बीदर या जिल्ह्यांत झालेली कत्तल ही घरातली बाब झाली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने तेथे जाऊन पाहिले. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सामान्य वाचकाच्या हाती तो येईपर्यंत कित्येक दशके गेली.

एका ठिकाणी मात्र हैदराबादचा हिशेब परक्या न्यायालयात चालत राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजाम सरकारच्या लंडनमधील खात्यातून दहा लाख सात हजारांवर पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावे वळते करण्यात आले. पैसे परत मिळावेत म्हणून निजामाने दावा लावला. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो पुढे चालू दिला नाही, कारण रहिमतुल्ला सार्वभौम राज्याचे प्रतिनिधी होते आणि अशा राज्यावर परक्या न्यायालयात दावा चालत नाही. हे कवच पाकिस्तानला मिळाले. पुढे २०१३ मध्ये पाकिस्तानने आपण होऊन दावा दाखल केला आणि कवच गळून पडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. व्याजासह साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेलेली ती रक्कम सातव्या निजामाची होती, आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे भारत सरकार व निजामाचे वारस यांना ती मिळावी, असे ठरले. ज्या सरकारच्या नावाने ते खाते उघडले गेले होते, त्याच्या वतीने न्यायालयात कोणीच उभे नव्हते.