मिडियाचा रथ आणि ॲरिस्टॉटलची तक्रार

नायक पुरता अडकलाय, सुटकेची वाट दिसत नाहीये आणि अचानक कुणीतरी येऊन सगळं सोडवतं. अशा शेवटाला लॅटिनमध्ये ‘देउस एक्स माकिना’ म्हणतात, म्हणजे यंत्रातून आलेला देव. हे यंत्र खरोखरचं होतं. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्सच्या रंगभूमीवर ‘मेकाने’ नावाची क्रेन असायची आणि तिला टांगलेला नट देव म्हणून वरून अवतरायचा.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त यावर आक्षेप घेतला, पण सरसकट नाही. नाटकाच्या आधी घडलेलं किंवा पुढे घडणारं, माणसाला कळू न शकणारं काही सांगायचं असेल तर देव चालेल. कथेची गाठ मात्र कथेतूनच सुटली पाहिजे. वाईट उदाहरण म्हणून तो युरिपिडिजच्या ‘मिडिया’चं (इ.स.पू. 431) नाव घेतो.

हे उदाहरण नीट बघण्यासारखं आहे, कारण त्यात देव येतच नाही, येतो तो रथ. नवरा जेसन दुसरं लग्न करतो, तेव्हा मिडिया सूड घ्यायचं ठरवते. मध्येच अथेन्सचा राजा एजिअस भेटतो आणि आसरा द्यायचं वचन देतो. पण कोरिंथमधून बाहेर तुझी तू पड, मी नेणार नाही, असंही बजावतो. म्हणजे ‘ही निसटणार कशी?’ हा प्रश्न युरिपिडिजने स्वतःच उभा केला. पुढे ती राजकन्येला, राजाला आणि स्वतःच्या मुलांनाही मारते. जेसन दार उघडायला धावतो, तर ती वर, आजोबा सूर्यदेव हेलिओसने दिलेल्या रथात! जो प्रश्न इतका वेळ ताणून धरला, त्याचं उत्तर द्यायला मिडियाला काहीच करावं लागलं नाही.

युरिपिडिजच्या बाजूनेही बोलता येतं. हेलिओस तिचा आजोबा, हे नाटकात आधी येऊन गेलंय. पण नातं माहीत असणं वेगळं आणि आजोबा वाहन पाठवतात हे माहीत असणं वेगळं. माझ्या मते ॲरिस्टॉटलचा मुद्दा इथे टिकतो.

आता एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (1898) घ्या. तोफांना न जुमानणारे मंगळवासी शेवटी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात. ऐकायला हा तर शुद्ध देउस एक्स माकिना! पण कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव पाहणाऱ्या माणसाची उपमा आहे, आणि मंगळवासीयांच्या शरीराचं वर्णन करताना त्यांच्याकडे सूक्ष्मजीव नव्हते हेही वेल्स सांगून ठेवतो. दुसऱ्यांदा वाचताना हे धागे सापडतात. तरीही थोडी चुटपुट उरतेच. ती वेगळ्या कारणाने: शेवटाचं कारण कथेत आहे, पण माणसांनी इतकी धडपड करूनही त्यांच्या हातून काहीच झालेलं नाही.