ठसक्याची जागा

* इथे आजींना ठसका लागला होता. सोबतच्या ध्वनिमुद्रणातून आम्ही तो काढला आहे. नुसता कापून दोन टोकं जोडली, की सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो, कारण ध्वनिलहर एका उंचीवरून एकदम दुसऱ्या उंचीवर उडी मारते. म्हणून दोन्ही टोकं २० मिलिसेकंद एकमेकांवर चढवली : पहिलं विरत जातं तेवढ्यातच दुसरं उमटत येतं. यालाच क्रॉसफेड म्हणतात. तरी पहिल्या खेपेला सांधा कळलाच, तो मागच्या पंख्यामुळे. त्याची घरघर त्या जागी क्षणभर बसायची; दोन्हीकडच्या लहरींचे चढउतार जुळत नव्हते. काप काही मिलिसेकंद सरकवला आणि घरघर सलग झाली. ठसक्यानंतरचा श्वास मुद्दाम ठेवला. तो गेला असता तर पुढचं वाक्य मागच्याच्या अंगावर पडलं असतं. पुढे ‘विहीर’ या शब्दाचा शेवट खोकल्यातच बुडाला आहे. तिथे खोकला कापला तर शब्दही जातो, म्हणून दोन्ही राहू दिले. आणि थोरल्या मुलाचं नाव घेण्याआधी आजी नऊ सेकंद गप्प आहेत. ती शांतता आम्ही आखडलेली नाही. ती त्यांच्या सांगण्यातलीच आहे. — संपा.