गाठीचं कूळ

पोटात गाठ निघाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न केमोचा असतो, मग तो छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत विचारलेला असो की शहरातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात. किती केमो लागतील, केस जातील का, पेशंटला झेपेल का. आतड्याच्या नेहमीच्या कर्करोगात हा प्रश्न रास्तच आहे. तो कर्करोग आतड्याच्या आतल्या अस्तरातून उगवतो आणि लसिकाग्रंथींच्या वाटेने पसरतो. म्हणून शस्त्रक्रियेत आसपासच्या ग्रंथीही काढतात आणि पुष्कळदा मागाहून केमो देतात. पण त्याच आतड्यात, त्याच जठरात आणखी दोन जातींच्या गाठी होतात. त्यांचा जन्म अस्तराच्या या पेशींतून होत नाही, त्यामुळे त्यांचा इलाजही वेगळा असतो. एकीला डॉक्टर ‘जिस्ट’ म्हणतात, दुसरीला ‘नेट’, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर.

जिस्ट जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत, अस्तराच्या खाली वाढते. त्यामुळे ती चकवा देते. पेशंटला थकवा असतो, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, कधी काळी शौच होते. एंडोस्कोपीत जठराच्या भिंतीला एक गुळगुळीत फुगवटा दिसतो. चिमट्याने तुकडा काढून पाठवला तर रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’, कारण चिमट्यात आलेलं असतं ते वरचं निरोगी अस्तर. गाठ त्याखाली तशीच असते. अशा वेळी टोकाला सोनोग्राफी जोडलेली एंडोस्कोपीची दुर्बीण आत घालून, सुई थेट गाठीत टोचून नमुना घ्यावा लागतो. फुगवटा स्पष्ट दिसत असताना आलेल्या नॉर्मल रिपोर्टवर समाधान मानणं धोक्याचं आहे.

कित्येक वर्षं या गाठी स्नायूंच्या समजल्या जात. १९८३ मध्ये मायकेल मेझर आणि ब्रेंट क्लार्क या अमेरिकी डॉक्टरांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गाठींत स्नायूंच्या खुणाच सापडेनात. त्यांनी या गाठींना ‘स्ट्रोमल ट्यूमर’ म्हटलं. नाव पडलं, पण मूळ कळायला आणखी पंधरा वर्षं गेली. १९९८ मध्ये जपानमधल्या सेइइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. अन्न पुढे ढकलणाऱ्या आतड्याच्या हालचालींचा ताल धरणाऱ्या काही पेशी भिंतीत असतात. त्यांना काहाल पेशी म्हणतात. जिस्टचं नातं या पेशींशी निघालं. त्यांच्यावर ‘किट’ नावाचं एक प्रथिन असतं. बाहेरून संदेश आला की ते जागं होतं आणि पेशीला वाढायला सांगतं. बहुतेक जिस्टमध्ये या किटच्या जनुकात बिघाड झालेला असतो. मग संदेश येवो न येवो, किट कायम जागंच राहतं.

बिघाड एका जागी आहे म्हटल्यावर त्या जागेवर बसणारं औषध शोधणं आलं. ते दुसऱ्याच आजारासाठी तयार होत होतं. रक्ताच्या एका कर्करोगावर इमॅटिनिब नावाच्या गोळीच्या चाचण्या चालू होत्या, आणि प्रयोगशाळेत ती किटलाही गप्प करते असं दिसलं होतं. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत हाइक्की योएन्सू यांच्या तुकडीने ती एका पन्नाशीच्या बाईंना दिली. बाईंची जिस्ट यकृतात पसरली होती, केमो देऊन झाली होती आणि उपयोग झाला नव्हता. डोस होता रोज ४०० मिलिग्रॅम. महिनाभराने पेट स्कॅन केला, तर आधी लखलखणाऱ्या गाठी विझलेल्या होत्या. सुमारे आठ महिन्यांनी मोजलं तेव्हा गाठी पाऊण हिश्शाने आटल्या होत्या. केमोला दाद न देणारी गाठ अशी आटलेली पाहून पुढच्या चाचण्या झपाट्याने झाल्या, आणि २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी या गोळीला मान्यता मिळाली.

आपल्याकडे या गोळीची कथा न्यायालयातून जाते. नोव्हार्टिस कंपनीची ग्लिव्हेक महिन्याला सव्वा लाखाच्या घरात पडे. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. पेटंट मिळालं असतं तर ती बंद पडण्याची भीती होती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. जुन्याच औषधाचं नवं स्फटिकरूप, गुण वाढल्याचं दाखवल्याशिवाय, पेटंटला पात्र ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मराठवाड्यातल्या शेतकरी घरात ही गोळी वर्षानुवर्षं चालू राहू शकते, त्यामागे हा निकाल आहे असं मी मानतो.

वर्षानुवर्षं म्हणतो, कारण ही गोळी गाठीला बहुधा मारत नाही, गप्प बसवते. जिस्ट एका जागी असेल तर आधी शस्त्रक्रिया. लसिकाग्रंथींत ती क्वचितच जाते, म्हणून आतड्याच्या कर्करोगासारखी मोठी काटछाट सहसा लागत नाही. मात्र गाठ अखंड निघायला हवी. तिचं आवरण फुटलं तर पेशी पोटभर सांडतात आणि रोग परतण्याची भीती फार वाढते. गाठ मोठी असेल, पेशी वेगाने विभागत असतील, तर नंतर तीन वर्षं गोळी देतात. पसरलेल्या रोगात ती लागू पडेपर्यंत चालूच ठेवायची. बरं वाटतंय म्हणून बंद केली की बहुतेकांत गाठी पुन्हा वाढू लागतात. डोळ्यांभोवती सूज येते, मळमळ होते. म्हणून गोळी जेवणासोबत, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. किटमध्ये आणखी बिघाड होऊन गोळीचा असर जाऊ शकतो. मग सुनिटिनिबसारखी पुढची औषधं येतात. काही जिस्टमध्ये बिघाड मुळातच वेगळ्या जनुकात असतो. तिथल्या एका बिघाडावर इमॅटिनिब चालतच नाही, म्हणून गोळी सुरू करण्याआधी जनुकाची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

नेटचं घराणं निराळं. पचनमार्गात हार्मोन तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून ही गाठ होते. म्युनिकच्या सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये लहान आतड्यातल्या अशा गाठी वेगळ्या ओळखल्या. त्या कर्करोगासारख्या दिसतात पण निरुपद्रवी असतात, असं त्यांचं मत होतं. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच ते सुधारलं: या गाठी पसरूही शकतात. काही नेट हार्मोन सोडतात, मग चेहरा तापून लाल होतो आणि जुलाब थांबत नाहीत. वर्षानुवर्षं पोटाच्या तक्रारी म्हणून त्यावर औषधं चालतात. काही नेट हळू वाढतात, काही झपाट्याने. तो वेग ‘केआय-६७’ या आकड्यावरून कळतो, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये तो आकडा आधी पाहावा.

या पेशींच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनला धरणारे हूक असतात. त्यावर दोन इलाज उभे आहेत. ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन हार्मोनचा त्रास आवरतं आणि वाढही रोखतं. आणि त्या हार्मोनसारख्याच रेणूला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्य जोडलं, की तो रेणू शिरेतून जाऊन गाठीलाच चिकटतो. त्याचे किरण जेमतेम दोनेक मिलिमीटर जातात, त्यामुळे आसपासचं फारसं भाजत नाही. नेहमी आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस देतात, आणि मूत्रपिंडं जपायला सोबत अमिनो आम्लांची सलाइन लावतात. त्याआधी अशाच रेणूने पेट स्कॅन करतात. गाठ त्यात उजळली नाही, तर ही औषधं तिला चिकटणारच नाहीत.

हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. समृद्ध केलेल्या ल्युटेशियम-१७६ला न्यूट्रॉनचा मारा दिला की त्याचं १७७ बनतं. साधारण साडेसहा दिवसांत ते निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्याच रुग्णालयी शाखेत, या उपचाराचा मोठा अनुभव साठला आहे. मराठवाड्यातून देवगिरीने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणाऱ्या पेशंटने बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि जुने स्कॅन सोबत न्यावेत. रिपोर्टच्या कागदावर तिथे भागत नाही. गाठ कुठल्या कुळातली आहे हे त्यांना त्या ब्लॉकमधून स्वतः पुन्हा तपासावं लागतं.