केसगळतीवर बीपीची गोळी : मिनॉक्सिडिल कोणाला चालते, कोणाला नाही?

भूगाव (ता. मुळशी) : डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल बऱ्याच जणांना माहीत आहे. आता त्वचारोगतज्ज्ञ हेच औषध कमी डोसच्या गोळीतूनही देतात. ही गोळी मुळात बीपीची. अमेरिकेत १९७९ मध्ये तिला वाढलेल्या बीपीसाठी मंजुरी मिळाली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून हा उपयोग पुढे आला.

कोणाला उपयोग होतो?
पुरुषांचं पुढून किंवा टाळूवर पडणारं टक्कल आणि बायकांचा भांग हळूहळू रुंद होत जाणं, यात फायदा दिसतो. लावायच्या औषधाने खाज येते किंवा केस चिकट होतात, त्यांनाही डॉक्टर गोळी सुचवतात. पण जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत झालं तसं काही दिवसांतच केस गेले, तर ही गोळी घेऊ नका, आधी कारण शोधा.

बीपी खाली येतं का?
बीपीसाठी दिवसाला साधारण १० ते ४० मिलिग्रॅम देतात. केसांसाठी पुरुषांना बहुधा २.५ ते ५, तर बायकांना ०.२५ ते २.५ मिलिग्रॅम. एवढ्या डोसने निरोगी माणसाचं बीपी सहसा फारसं उतरत नाही. तरी काहींना उठताना चक्कर येते, छातीत धडधडतं, पाय सुजतात. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही बीपी मोजून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ही गोळी घेऊ नये.

तोंडावर केस आले तर?
ही तक्रार सगळ्यात जास्त. १,४०४ रुग्णांच्या एका अभ्यासात साधारण १५ टक्के लोकांना नको तिथे केस आले. समजा, एखादी ताई २.५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी रोज घेते. दोन महिन्यांनी कानशिलाजवळ आणि वरच्या ओठावर लव दाट दिसू लागते. अशा वेळी डॉक्टर डोस पाव गोळीवर आणतात किंवा ते केस काढायला सांगतात. गोळी थांबवली तर ही लव काही महिन्यांत ओसरते, पण डोक्यावर वाढलेले केसही पुन्हा गळू लागतात.

पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. जुने केस पडून नवे येतात, म्हणून घाबरून गोळी सोडू नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात.

मात्र दम लागला, छातीत दुखलं, चेहरा-पाय सुजले किंवा दोन-चार दिवसांत वजन वाढलं, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. मेडिकलमधून परस्पर १० मिलिग्रॅमची गोळी आणून खाऊ नका, तो डोस बीपीचा आहे.