खातं एक, क्रमांक हजार

प्रकाशा गावातला कृषी सेवा केंद्रवाला खत कंपनीला ज्या खाते क्रमांकावर पैसे भरतो, तो शहाद्याच्या विक्रेत्याला दिलेला नसतो. कंपनीचं खातं मात्र एकच. प्रत्येकाला वेगळा आभासी क्रमांक देण्याची ही पद्धत आता इतकी रुळली आहे, की ती कशासाठी आली हे कुणी विचारत नाही.

२००५मध्ये एनईएफटी सुरू झाली आणि डिमांड ड्राफ्टची दगदग संपली. पण ड्राफ्टसोबत बिल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी यायची, ती गेली. समजा, एकाच दिवशी दोन विक्रेत्यांनी १,१८,००० रुपये पाठवले. स्टेटमेंटवर रक्कम सारखी, पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट, शेऱ्याची जागा रिकामी. मग फोन, ‘यूटीआर नंबर पाठवा’, आणि तोवर गाडी भरायची थांबलेली.

तोडगा खाते क्रमांकाच्या रकान्यातच होता. पाठवणारी बँक आयएफएससी पाहून पैसे पुढे ढकलते; क्रमांक खरा की खोटा, हे घेणारी बँकच ठरवते. रिझर्व्ह बँकेनेही २०१०मध्ये सांगितलं, की आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येईल. म्हणजे क्रमांक हेच ओळखपत्र. सुरुवातीची अक्षरं कंपनीची, पुढचे आकडे विक्रेत्याच्या कोडचे. बँक सुरुवात ओळखून पैसे कंपनीच्या खऱ्या खात्यात टाकते आणि उरलेला कोड यूटीआरसह कंपनीच्या संगणकाला कळवते. कोड यादीत नसेल तर पैसे परत जातात. आधी ही सोय बँकांच्या मोठ्या ग्राहकांपुरतीच होती. २०१७मध्ये रेझरपेने ‘स्मार्ट कलेक्ट’ आणल्यावर लहान धंद्यांनाही असे क्रमांक घेता येऊ लागले.

तरी क्रमांक सांगतो तो माणूस, बिल नव्हे. विक्रेत्याची ७०,००० आणि ४८,०००ची दोन बिलं बाकी आहेत आणि त्याने गोल एक लाख पाठवले, तर यंत्र बहुधा जुनं बिल पुरं फेडून ३०,००० दुसऱ्यात घालतं. त्याच्या मनात मात्र नवं बिल आधी फेडून माल उचलायचा असतो. प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक दिला तर हे टळतं. पण मग दरवेळी नवा लाभार्थी नोंदवायचा, आणि तेवढा सोस कुणाला?

खरी फसगत एका घरात दोन फर्म असल्या की होते. मोबाइलमध्ये भावाच्या फर्मचा क्रमांक आधीच जतन असतो, बोट त्यावर पडतं. क्रमांक वैध, म्हणून पैसे परतही येत नाहीत. एप्रिल २०२५पासून एनईएफटी-आरटीजीएसमध्ये लाभार्थ्याचं नाव आधी पाहता येतं, पण दोन्ही क्रमांकांमागे नाव कंपनीचंच असेल तर तेही कामाचं नाही. म्हणून जाणता हिशेबनीस महिनाअखेरीस आडनावं पाहतो: एका खातेवहीत विनाकारण आगाऊ जमा आणि त्याच घरातल्या दुसऱ्या फर्मकडे थकबाकी दिसली, की तो आधी घरी फोन लावतो, वसुलीची नोटीस नंतर.