प्रस्तावना: वजाबाकीतली वीजगळती

वीजगळती मोजणारे मीटर कुठेही बसवलेले नसते. उपकेंद्रातून फीडरवर सोडलेल्या युनिटांतून ग्राहकांना विकलेली युनिटे वजा केली की जी उरते, ती वितरण हानी. त्यामुळे विक्रीचा आकडा जितका खरा तितकीच गळती खरी. वीज वितरणाच्या लेखापरीक्षणाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुढची प्रकरणे त्याला जड जाणार नाहीत.

विकलेली युनिटे तीन वाटांनी हिशेबात येतात. काही युनिटे मीटर प्रत्यक्ष वाचून येतात. मीटर बंद असेल, घराला कुलूप असेल किंवा रीडिंग मिळाले नसेल, तर काही सरासरीने धरली जातात. आणि मीटरच नसलेल्या कृषिपंपांची युनिटे अश्वशक्तीवरून अंदाजाने लावली जातात. बिलिंगच्या गोषवाऱ्यात या तिन्हींची एकच बेरीज दिसते. ती सुटी करून मागणे हे परीक्षकाचे पहिले काम. 2003 च्या विद्युत कायद्याचे कलम 55 मीटरशिवाय वीजपुरवठ्याला मज्जाव करते. तरीही महाराष्ट्रातले लाखो कृषिपंप विनामीटर राहिले, म्हणून या तिसऱ्या वाटेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते.

उदाहरणासाठी ग्रामीण भागातला 11 केव्हीचा एक फीडर कल्पू. महिन्यात त्यावर 10 लाख युनिटे सोडली. वाचलेल्या मीटरांची विक्री साडेपाच लाख, सरासरीची 50 हजार. विनामीटर पंपांची जोडणी 1,400 अश्वशक्तीची, आणि दर अश्वशक्तीला महिन्याला 200 युनिटे धरून शेतीची विक्री 2 लाख 80 हजार. एकूण विक्री 8 लाख 80 हजार, म्हणजे गळती 12 टक्के. कागदावर हा फीडर चांगला ठरतो.

आता उपकेंद्रातल्या मीटरमध्ये साठलेली भाराची नोंद काढू. पंपांना थ्री फेज पुरवठा रोज आठ तास असतो. तो सुरू होताच फीडरचा भार सरासरी 700 किलोवॅटने चढतो आणि बंद होताच तेवढाच उतरतो. 700 गुणिले 8 तास गुणिले 30 दिवस म्हणजे 1 लाख 68 हजार युनिटे. या वाढीत त्याच वेळी चालणाऱ्या पिठाच्या गिरण्याही आल्या आणि तारांमधली हानीही आली. म्हणजे शेतीचा खरा वापर याहूनही कमी असणार. तरीही 1 लाख 68 हजार हाच आकडा धरला, तर 1 लाख 12 हजार युनिटे विक्रीतून निघून गळतीत जातात आणि 12 टक्क्यांचे 23.2 टक्के होतात. चोरी, जुन्या तारा, नादुरुस्त मीटर हे सारे शेतकऱ्याच्या नावावर झाकले गेले होते. हे मला या क्षेत्रातले सर्वांत गंभीर प्रकरण वाटते, कारण अनुदानाचा आणि इतर ग्राहकांच्या दराचा हिशेब याच अंदाजावर उभा असतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानेही महावितरणने दाखवलेली शेतीविक्री वीजदर ठरवताना कमी करून गळती वाढवून धरली आहे.

या पद्धतीला मर्यादा आहे. सिंगल फेजच्या वेळेतही काही पंप कपॅसिटर लावून चालवले जातात. तो वापर चढलेल्या भारात दिसत नाही. म्हणून रात्रीचा मूळ भार गावातल्या घरांच्या मानाने जास्त वाटला, तर काही रोहित्रांवर मीटर लावून महिनाभर पडताळा घ्यावा.

एखाद्या फीडरची गळती उणे दिसली, तर आनंद मानू नये. बहुधा शेजारच्या फीडरवरचे रोहित्र याच्या नावावर नोंदलेले असते; शेजारी तेवढीच जास्त गळती सापडते. कधी दोष तारखांचा असतो. फीडरचे रीडिंग महिन्याच्या एक तारखेला, ग्राहकांचे मात्र महिनाभर विखुरलेले. म्हणून एका महिन्यावर निकाल देऊ नये. बारा महिन्यांची बेरीज घ्यावी.

तांत्रिक व वाणिज्यिक हानीत वसुलीही येते. बिल झालेल्या युनिटांचे प्रमाण 88 टक्के आणि वसुली 90 टक्के असेल, तर दोहोंचा गुणाकार 79.2 टक्के, म्हणून हानी 20.8 टक्के. इथे मागच्या वर्षांची थकबाकी चालू वसुलीत मिसळली की आकडा लगेच सुधारलेला दिसतो. थकबाकी वेगळी काढल्याशिवाय हे प्रमाण स्वीकारू नये.

वाचकाला एक विनंती. पुढील प्रकरणे वाचताना आपल्या उपविभागातला एक फीडर निवडा, त्याची भाराची नोंद आणि बारा महिन्यांचे बिलिंग शेजारी ठेवा, आणि विक्रीतला किती भाग खरोखर मीटर वाचून आला आहे तो आकडा आधी काढा.